मुलाला दरमहा जाणारे पैसे ॲपमधून बंद केले, पण खरंच बंद झालेत का?

नीलाक्षी_कोलशेत · २ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, घाईत आहे, मदत हवी आहे.

आमचा मुलगा जर्मनीत एमएस करतोय. पहिलं वर्ष ब्लॉक्ड अकाउंटमधून निघालं, महिन्याला ९९२ युरो आपोआप त्याच्या खात्यात पडायचे. दुसऱ्या वर्षापासून आम्ही इथून ७०० युरो पाठवायला लागलो. दर महिन्याला बँकेत जाऊन फॉर्म भरायचा कंटाळा, म्हणून एका पैसे पाठवण्याच्या ॲपमध्ये दर ५ तारखेचं शेड्यूल लावलं. यजमानांच्या खात्यातून पैसे जातात, पॅनही त्यांचाच.

आता त्याला आठवड्याला २० तासांचं काम मिळालंय. "आई, जुलैपासून पाठवू नका, माझं भागतं," असं म्हणाला. (ऐकून डोळ्यांत पाणी आलं ते वेगळं.) तर आज संध्याकाळी मी ॲपमध्ये जाऊन शेड्यूल डिलीट केलं. "Schedule cancelled" असा हिरवा संदेशही आला. पण "Activity" मध्ये अजून ५ जुलैची एक ओळ दिसतेय, खाली लिहिलंय "Upcoming". ती काय भानगड आहे? पैसे जाणार की नाही? यजमान सासूबाईंकडे चिपळूणला आहेत, ओटीपी त्यांच्या फोनवर येतो.

सानपाडा_लोकल · २ जुलै, रात्री १०.५२

सोप्पंय ताई. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे देता त्यात ऑटोपे नावाचा विभाग असतो. तिथे मॅन्डेट दिसेल, रिव्होक करा, पिन टाका, संपलं. मी ओटीटीवाल्यांना असंच कटवतो. आणि ५ तारखेला रविवार आहे, म्हणजे सोमवारपर्यंत काही होत नाही. निवांत झोपा.

कांदेपोहे · २ जुलै, रात्री १०.५८

"नका पाठवू" म्हणणारा मुलगा! ताई, आधी व्हिडिओ कॉल करून तोच आहे ना, खात्री करा.

नीलाक्षी_कोलशेत · २ जुलै, रात्री ११.०५

@कांदेपोहे 😀 तोच आहे. दाढी वाढवलीय फक्त.

@सानपाडा_लोकल ऑटोपेमध्ये बघितलं. वीजबिल आणि एक गाण्यांचं ॲप आहे, हे नाहीच.

पिंपळपार · २ जुलै, रात्री ११.३०

ताई, यूपीआय ऑटोपेमध्ये ते सापडणार नाही. यूपीआयच्या ऑटोपेला साधारणपणे १५,००० रुपयांच्या वर दर वेळी पिन लागतो. ७०० युरो म्हणजे सत्तर हजारांच्या वर. तुमचा पैसा दर महिन्याला पिन न विचारता जातो, म्हणजे तो बहुतेक ई-नॅश मॅन्डेटवर, कंपनीला खात्यातून पैसे ओढायला दिलेल्या परवानगीवर, चालतोय. खात्री करायची असेल तर पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये जूनच्या ५ तारखेची नोंद बघा. तिथे सुरुवातीला काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

बँकेत असताना मी लोकांना हेच सांगायचो. पैसा कुठे थांबवायचा हे ॲप सांगत नाही, पासबुकातली ओळ सांगते. `UPI` असेल तर यूपीआय ॲपमध्ये थांबवा. `SI` असेल तर तुम्हीच बँकेला दिलेली स्थायी सूचना आहे, ॲपला तिचा पत्ताही नसतो. `ACH` किंवा `NACH` असेल तर ॲपने तुमच्या सहीनिशी बँकेकडून ओढून घेतलेला पैसा आहे.

शुभदा_वाशी · ३ जुलै, सकाळी ७.१५

आमचंही असंच झालंय. मुलगा मस्कतहून दरमहा पैसे पाठवतो, आम्ही नको म्हणतो, तो ऐकत नाही. आमच्या बाजूने येणारे पैसे थांबवता येतात का? बँकेने सांगितलं की आलेले पैसे परत करण्याचा वेगळा अर्ज द्या.

माऊ · ३ जुलै, सकाळी ७.४०

शुभदाताई, तुमचा प्रश्न उलटा आहे हो. त्यांना इथून जाणारे थांबवायचेत. आणि तुमच्यासारखं दुखणं सगळ्यांना मिळो.

नीलाक्षी_कोलशेत · ३ जुलै, सकाळी ८.०२

@पिंपळपार काका, ५ जूनची नोंद: `ACH D-` आणि पुढे कंपनीचं नाव, मग लांबलचक अक्षरं-आकडे.

पिंपळपार · ३ जुलै, सकाळी ८.२०

झालं तर. नॅशच आहे. आता तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे लक्षात घ्या, गोंधळ तिथेच होतो.

एक तुमचं शेड्यूल. ती फक्त ॲपच्या डोक्यातली आठवण, "दर ५ तारखेला व्यवहार तयार कर" एवढीच. ती तुम्ही काल पुसली, बरोबर केलंत.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या आठवणीतून आधीच जन्माला आलेला जुलैचा व्यवहार. "Upcoming" ओळ म्हणजे तोच. आई गेली तरी पोर जिवंत आहे. तो वेगळा रद्द करावा लागतो.

तिसरं मॅन्डेट, जे बँकेत बसलंय. "या कंपनीने मागितले तर एवढ्या रकमेपर्यंत द्या" अशी ती परवानगी. शेड्यूल गेलं, व्यवहार गेला, तरी परवानगी जागेवरच राहते.

त्या "Upcoming" ओळीवर बोट ठेवून उघडा. आत रद्द करण्याचं बटण आहे का बघा आणि सांगा.

नीलाक्षी_कोलशेत · ३ जुलै, सकाळी ९.१०

उघडली. "Cancel transfer" राखाडी आहे, दबत नाही. खाली बारीक अक्षरात "Debit already initiated with your bank". युरोचा दरही लावून टाकलाय, १०२ रुपये. एकूण ७२,११८ रुपये ५२ पैसे जाणार म्हणे.

काल रात्री तर हे वाक्य नव्हतं!

ऐरोलीकर · ३ जुलै, सकाळी ९.४५

मी पेमेंटच्या सिस्टिमवर काम करतो (या ॲपच्या नाही, आधीच सांगतो). काय झालंय सांगतो. नॅशमध्ये कंपनी ऐन दिवशी पैसे ओढत नाही. कोणाकडून किती घ्यायचे याची फाइल एक-दोन दिवस आधी तयार होते आणि तिच्या बँकेमार्फत एनपीसीआयकडे, म्हणजे नॅश चालवणाऱ्या संस्थेकडे, जाते. तुमची ओळ बहुतेक आज पहाटेच्या फाइलमध्ये गेली. फाइल गेली की ॲपमधलं बटण मुद्दाम बंद करतात. एकीकडे तुम्ही रद्द केलंत आणि दुसरीकडे बँकेने पैसे कापले, तर हिशेबाचा विचका होतो.

काल रात्री १०.४० ला शेड्यूलऐवजी ती ओळ उघडून रद्द केली असती तर बहुधा सुटला असता. आता सांगून काय उपयोग म्हणा.

कांदेपोहे · ३ जुलै, सकाळी ९.५०

@ऐरोलीकर हे शेवटचं वाक्य बायकोसमोर कधी बोलू नकोस.

सानपाडा_लोकल · ३ जुलै, सकाळी १०.०५

ठीक आहे, यूपीआयचं माझं चुकलं. पण मग खातंच रिकामं करा ना. सगळे पैसे तुमच्या खात्यात फिरवा. रविवारी बँकेला काही मिळणारच नाही. आणि रविवारी नॅश चालत नाहीच, सोमवारी बघू.

पिंपळपार · ३ जुलै, सकाळी १०.४०

नॅश रविवारीही चालतं. १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालू आहे. पूर्वी सुट्टी आली की हप्ता पुढच्या कामाच्या दिवशी कापायचे, ती सवय लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. तुमच्याही नाही.

खातं रिकामं करण्याचा सल्ला नको. मॅन्डेट न वटता परत गेलं की बँक दंड लावते, वर जीएसटी. शिवाय काही कंपन्या दोन-तीन दिवसांनी तीच मागणी पुन्हा पाठवतात. आणि खातं रिकामं केल्याच्या नादात यजमानांचा दुसरा एखादा हप्ता अडकला तर आगीतून फुफाट्यात.

डोंबिवली_फास्ट_नाही · ३ जुलै, सकाळी ११.१०

शिवाय नॅश परत गेलं तर चेक बाउन्ससारखी केस होते. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टचं कलम २५. जेल आहे त्यात.

पिंपळपार · ३ जुलै, सकाळी ११.३०

कलम बरोबर, पण ताईंना उगाच घाबरवू नका. ते देणं फेडण्यासाठी दिलेल्या सूचनेला लागतं. कर्जाचा हप्ता बुडवला तर ती भीती खरी. स्वतःच्या मुलाला पैसे पाठवण्यात ताई कुणाचं देणं लागत नाहीत. दंड बसेल, पोलीस येणार नाहीत.

नीलाक्षी_कोलशेत · ३ जुलै, दुपारी २.२५

बँकेत जाऊन आले. गोखले रोडवर छत्री उलटी झाली, स्टेशनकडून आलेला सगळा लोंढा अंगावर, त्यात जोडीखाते असलं तरी पहिलं नाव यजमानांचं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हे ॲपवाल्यांनी टाकलेलं आहे, त्यांना सांगा." ॲपवाल्यांचा चॅट म्हणतो, "कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधा."

म्हणजे सासर-माहेर दोघंही "तुझं घर ते नव्हे" म्हणतायत.

शेवटी शाखेतल्या साहेबांनी नीट ऐकलं. म्हणाले, मॅन्डेट रद्द करायला खातेदाराचा अर्ज हवा किंवा त्यांच्या नेटबँकिंगमधून करा. पण रविवारची मागणी आधीच आलेली असल्यामुळे ती थांबेल याची हमी ते देत नाहीत.

ऐरोलीकर · ३ जुलै, दुपारी ३.००

बरोबर बोलले. मॅन्डेट रद्द होणं आणि या एका मागणीचे पैसे थांबवणं, बँकेत ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काही बँकांमध्ये नेटबँकिंगवर होतं, काहींमध्ये अर्ज लागतो, काहींमध्ये कुणाला माहीतच नसतं.

पण ताई, माझं ऐका. रविवारी पैसे कापले जाऊ द्या. तुमचं नशीब बरं आहे की रविवार आहे.

कांदेपोहे · ३ जुलै, दुपारी ३.०४

पैसे कापले जाऊ द्या? कुठल्या कंपनीचा एजंट आहेस रे?

ऐरोलीकर · ३ जुलै, दुपारी ३.३०

ऐक तर. रुपये कापण्याचं काम रविवारी होतं. पण रुपयांचे युरो करून बाहेर पाठवायचं काम भागीदार बँक करते, आणि परकीय चलनाचा बाजार शनिवार-रविवार बंद. म्हणजे रविवारी सकाळी कापलेले ७२ हजार सोमवारी बाजार उघडेपर्यंत इथेच, रुपयांत पडून राहणार. बहुतेक ॲपमध्ये "रुपये मिळाले" आणि "बँकेकडे पाठवले" या दोन टप्प्यांच्या मधे रद्द करण्याचं बटण पुन्हा जागं होतं. ती ताईंची खिडकी आहे. ५ तारीख मंगळवारी आली असती तर ही खिडकी काही तासांचीच असती.

तुमच्या ॲपमध्ये असंच असेल याची खात्री मी देत नाही. पण रविवारी डेबिटचा मेसेज आला की लगेच उघडून बघा, आणि तोवर चॅटमध्ये व्यवहार क्रमांक देऊन "हा व्यवहार परदेशात पाठवू नये" असं लेखी टाकून ठेवा. वेळेसकट स्क्रीनशॉट घ्या.

पिंपळपार · ३ जुलै, दुपारी ४.१५

सहमत. एक भर घालतो. ॲप हे फक्त दुकानाचं तोंड आहे. परदेशात पैसे पाठवण्याचा परवाना मागच्या बँकेकडे असतो, तिचं नाव तुमच्या जूनच्या पावतीवर किंवा ए-टू फॉर्मवर आहे. चॅटमधला मजकूर त्या बँकेच्या तक्रारीच्या ईमेलवरही पाठवा. उद्या पैसे गेलेच तर "आम्हाला कळवलं नव्हतं" म्हणायला जागा नको. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न हाच असतो, आधी कळवलं होतंत का, कधी.

खारेगाव_टोलनाका · ३ जुलै, संध्याकाळी ६.५०

खिडकी चुकली तर काय होतं ते मी सांगतो, भोगलंय. माझ्या बहिणीला कॅनडात पैसे पाठवायचो, असंच शेड्यूल. तिने तिथली बँक बदलली. जुनं खातं अजून बंद व्हायचं होतं आणि मी शेड्यूल थांबवायला विसरलो. पैसे स्विफ्टने गेले.

बँकेला परत मागवायला सांगितलं. त्यांनी यूईटीआर नावाचा ३६ अक्षरांचा नंबर काढला, त्याने पैसा कुठल्या बँकेपर्यंत पोचलाय ते दिसतं. पोचला होता तिच्या जुन्या खात्यात. आता परत पाठवायचा तर तिथल्या बँकेला बहिणीची संमती हवी. बहीण रात्रपाळीत. तीन आठवडे गेले. परत आले तेव्हा मधल्या बँकेने शुल्क कापलं होतं, आणि आमच्या बँकेने मला ज्या दराने डॉलर विकले होते त्याच्यापेक्षा कमी दराने परत घेतले. दोन्ही मिळून साडेतीन हजारांचा फटका. त्यापेक्षा बहिणीकडेच ठेवून पुढच्या महिन्यात वळते केले असते तर फुकटात सुटलो असतो.

ताई, पैसे गेलेच तर मुलाला सांगा, हे ऑगस्टचं भाडं. परत मागवायच्या फंदात पडू नका.

माऊ · ३ जुलै, संध्याकाळी ७.०५

हेच लिहायला आले होते. पोटच्या पोराकडेच जातायत ना, लॉटरीवाल्याकडे नाही.

नीलाक्षी_कोलशेत · ३ जुलै, रात्री ९.३०

अगं माऊ, एरवी मीही तसंच म्हटलं असतं. पण १० तारखेला सासूबाईंच्या मोतीबिंदूचे पैसे भरायचेत, ते याच पैशातून ठरले होते. म्हणून जीव वरखाली.

चॅटमध्ये टाकलं, ईमेलही केला. बघू.

बेलापूरचा_बाळ्या · ४ जुलै, सकाळी ८.४०

उशिरा आलो, पण माझी गोष्ट वाचा, पुढे उपयोग होईल.

मी गेल्या वर्षी उलट क्रमाने केलं. पोरगी शिकून परत आली. मी ॲप उघडलंच नाही, थेट नेटबँकिंगमध्ये गेलो, मॅन्डेटच्या यादीत ते शोधलं, रद्द केलं आणि ॲप काढून टाकलं. स्वतःवर खूश. पुढच्या महिन्यात "पेमेंट अयशस्वी" असा ईमेल आला, मी हसलो. त्यानंतर आलेच नाहीत.

सात महिन्यांनी मेव्हण्याच्या मुलाला ऑस्ट्रेलियात एकदाच पैसे पाठवायचे होते. तेच ॲप पुन्हा टाकलं, त्याने विचारलं बँक खातं जोडायचं का, मी हो म्हटलं, नवीन मॅन्डेटवर सही केली. काम झालं. आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला पोरीच्या लंडनमधल्या जुन्या खात्यावर ६०० पाउंड गेले! शेड्यूल ॲपमध्ये जिवंतच होतं, फक्त परवानगी नसल्यामुळे झोपलं होतं. मी स्वतः हाताने परवानगी दिली, तसं उठून बसलं.

कांदेपोहे · ४ जुलै, सकाळी ८.४५

कुंभकर्ण!

ऐरोलीकर · ४ जुलै, सकाळी ९.२०

@बाळ्या काही ॲप अशी दोन-तीनदा फसलेली शेड्यूल स्वतःहून बंद करतात, काही नुसती बाजूला ठेवतात. तुमचं दुसऱ्या जातीचं होतं. ॲप फोनमधून काढण्याचा शेड्यूलशी काही संबंध नसतो, ते त्यांच्या सर्व्हरवर असतं. "पॉज" करणाऱ्यांचंही असंच होतं. पॉजला बऱ्याचदा शेवटची तारीख असते, ती उलटली की आपोआप सुरू.

म्हणून क्रम असा: आधी ॲपमध्ये शेड्यूल, मग तयार झालेला व्यवहार, तो निस्तरला की सगळ्यात शेवटी बँकेत मॅन्डेट. आणि ताई, मॅन्डेट आत्ताच रद्द करू नका. परतावा त्याच खात्यात येणार असतो. काही कंपन्या मॅन्डेट रद्द झालं की खातंच यादीतून उडवतात, मग परताव्याला नवीन पुरावे मागतात.

पिंपळपार · ४ जुलै, सकाळी १०.००

शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. परतावा ज्या खात्यातून पैसे आले तिथेच जायला हवा, मॅन्डेट असो नसो. पण दोन-चार दिवस थांबल्याने बिघडत नाही, पुढची मागणी ऑगस्टची. थांबा.

ऐरोलीकर · ४ जुलै, सकाळी १०.०४

जायला हवा, बरोबर. मी काय होतं ते सांगतोय.

नीलाक्षी_कोलशेत · ५ जुलै, सकाळी ७.५५

आला मेसेज. ६.४२ ला ७२,११८.५२ वजा. चिपळूणहून फोन, "अगं, पैसे गेले!" मी ॲप उघडतेय.

नीलाक्षी_कोलशेत · ५ जुलै, सकाळी ८.३०

बटण जागं झालं! स्थिती "Rupees received". "Cancel transfer" दाबलं, कारण विचारलं, "Recipient no longer needs funds" निवडलं, मग ओटीपी. यजमानांना फोनवर ओटीपी विचारला तर म्हणतात, "बँक सांगते ओटीपी कोणालाही देऊ नका." २६ वर्षं झाली लग्नाला!

आता दिसतंय: "Cancelled. Refund in 3–5 working days."

कांदेपोहे · ५ जुलै, सकाळी ८.३३

यजमानांचं बरोबर आहे. नियम म्हणजे नियम. 🙏

सानपाडा_लोकल · ५ जुलै, सकाळी ९.१०

वा! आणि रविवारी चालतं हेही कळलं. मामलेदारची मिसळ माझ्याकडून, पण ठाण्याला यायला लोकल सुरू असतील तर.

नीलाक्षी_कोलशेत · ८ जुलै, संध्याकाळी ५.४०

पैसे आले. ७१,५२८.५२. म्हणजे ५९० रुपये कमी. पावती उघडून बघितलं: ७०० युरोचे ७१,४००, परकीय चलनावरचा जीएसटी १२८.५२, आणि ॲपचं शुल्क ५०० अधिक त्यावरचा जीएसटी ९०. बाकी सगळं परत, शुल्क मात्र "नॉन-रिफंडेबल". पैसे पाठवलेच नाहीत तर शुल्क कसलं?

मोतीबिंदूचं भागलं, तो प्रश्न नाही. पण तत्त्वाचा प्रश्न आहे.

पिंपळपार · ८ जुलै, संध्याकाळी ६.१५

चलनाचा जीएसटी परत आला हे बरोबर झालं, चलन बदललंच नाही. ५९० चं त्यांच्या अटींवर अवलंबून आहे. तुम्ही २ तारखेलाच शेड्यूल रद्द केलं होतंत आणि हिरवा संदेश आला होता, त्याचा स्क्रीनशॉट आहे का? व्यवहार त्याच्या नंतर तयार झाला असेल तर शुल्क घेता कामा नये. आधीच झाला असेल तर त्यांची बाजू भक्कम.

ऐरोलीकर · ८ जुलै, संध्याकाळी ६.३०

"Upcoming" ओळ २ तारखेच्या रात्री होतीच, ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. म्हणजे व्यवहार आधी तयार होता. माझ्या मते ५९० गेले. पण शेड्यूल रद्द करताना "एक व्यवहार अजून बाकी आहे, तोही रद्द करायचा का?" असं विचारणं ॲपचं काम होतं. एवढ्यावर तक्रार होऊ शकते.

डोंबिवली_फास्ट_नाही · ८ जुलै, रात्री ८.००

आणि ताई, ही रक्कम यजमानांच्या एलआरएसच्या, म्हणजे वर्षभरात परदेशात पाठवलेल्या पैशांच्या, हिशेबात धरली गेली नाही ना, ते बघा. माझ्या मित्राची रद्द झालेली रक्कम मोजलेली राहिली होती. १० लाखांच्या वर गेलात की पुढच्या प्रत्येक रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आगाऊ घेते तो प्राप्तिकर, कुटुंब-खर्च असेल तर.

पिंपळपार · ८ जुलै, रात्री ८.४०

पैसा देशाबाहेर गेलाच नाही तर तो मोजला जाता कामा नये. पण "जाता कामा नये" आणि "गेला नाही" यांत काय फरक असतो हे आता ऐरोलीकर सांगतील. भागीदार बँकेला ईमेल करून यंदाच्या वर्षाचा त्यांच्याकडे दिसणारा आकडा मागा. वर्ष एप्रिल ते मार्च. एप्रिल, मे, जून असे तीनच दिसायला हवेत.

नीलाक्षी_कोलशेत · ८ जुलै, रात्री ९.०५

ईमेल टाकला. एकूण दोन लाखांच्या आसपास आहे, मर्यादेजवळ नाही, पण विचारून ठेवते.

नीलाक्षी_कोलशेत · ७ ऑगस्ट, सकाळी ११.२०

धागा वर काढते, कारण विचारलं होतंत.

५ ऑगस्ट कोरडा गेला, पावसाने नाही, बँकेच्या मेसेजने. यजमान परत आल्यावर त्यांच्या नेटबँकिंगमध्ये गेलो. मॅन्डेटच्या यादीत या ॲपचं एक नाही, दोन निघाले. एक चालू, कमाल रक्कम १ लाख. दुसरं सुरुवातीला चुकून ५० हजारांचं केलं होतं ते, तेही चालूच. दोन्हींचे यूएमआरएन, म्हणजे मॅन्डेटचे ओळख नंबर, लिहून घेतले आणि रद्द केली. दोन दिवसांनी "Cancelled" दिसलं.

५९० चं उत्तर आलं, "आमच्या धोरणानुसार". लोकपालाकडे जायचा यजमानांना उत्साह आहे, मला नाही. भागीदार बँकेने एलआरएसच्या आकड्याबद्दल अजून उत्तर दिलेलं नाही.

आणि काल रात्री चिरंजीवांचा फोन. "आई, सेमिस्टरची फी भरायचीय, पगार महिनाअखेरीला येतो. एकदाच पाठवशील का?"

कांदेपोहे · ७ ऑगस्ट, सकाळी ११.२२

😂😂😂 आला वळणावर!

बेलापूरचा_बाळ्या · ७ ऑगस्ट, सकाळी ११.३०

ताई!!! ॲपने बँक खातं जोडायला सांगितलं तर "हो" म्हणू नका!!!

नीलाक्षी_कोलशेत · ७ ऑगस्ट, दुपारी १२.१०

नाही म्हटलं. एकदाच पाठवायचा व्यवहार केला, पैसे देताना एनईएफटी निवडलं. त्यांनी दिलेल्या खात्यावर यजमानांनी स्वतः पाठवले. त्याआधी शेड्यूलची यादी उघडून रिकामी आहे ना ते बघितलं. हेतूच्या यादीत "कुटुंबाचा निर्वाह" आधीच भरलेला होता, तो बदलून शिक्षण केला.

पिंपळपार · ७ ऑगस्ट, दुपारी १२.४०

हेतू बदललात ते उत्तम. फी शिक्षणात जाते, आणि त्यावर टीसीएसची वेळ आलीच तर दर बराच कमी. मुलाकडून फीची पावती मागवून ठेवा.

नीलाक्षी_कोलशेत · ७ ऑगस्ट, दुपारी १२.५५

मागितली. म्हणतो, "आई, तू आता बँकेसारखी बोलतेस."